डोंबिवलीच्या फ्लॅटची मापं: फोटोवरून उतरवलेली यादी

मामा,

तू सोसायटीच्या ऑफिसातून पाठवलेले तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. नकाशा जुना अमोनिया प्रिंट आहे. निळ्या रेघा पुसट झाल्यात, मधोमध घडी पडलीय आणि नेमकी त्या घडीवरच ट्यूबलाइट चमकतेय. पहिला फोटो तिरका आहे, तिसऱ्यात बाल्कनीवर तुझा अंगठा आलाय. म्हणून यादी मुख्यतः दुसऱ्या फोटोवरून केली, अडलं तिथे बाकीचे दोन पाहिले.

सगळी मापं मीटरमध्ये लिहिलेली आहेत. फरशीवाला आणि सुतार फुटात बोलतात, म्हणून पुढे फूटही दिलेत. पहिला आकडा कागदावर डावीकडून उजवीकडे, दुसरा वरून खाली. रस्त्याची बाजू कागदावर वर आहे. नावं नकाशावर आहेत तशीच ठेवली, म्हणजे तिथे उभा राहून ताडून पाहताना घोळ व्हायला नको.

१. लिव्हिंग (हॉल): ३.०५ × ४.५७ मी. = १० × १५ फूट. सुमारे १५० चौ. फूट. आकडे स्वच्छ.

२. बाल. (बाल्कनी, हॉलच्या पुढे): ३.०५ × १.०७ मी. = १० फूट × साडेतीन फूट. सुमारे ३५ चौ. फूट. १.०७ तुझ्या अंगठ्याखाली गेला होता, पहिल्या फोटोत सापडला.

३. बेड (मधली खोली): २.७४ × ३.०५ मी. = ९ × १० फूट. सुमारे ९० चौ. फूट. स्वच्छ.

४. एम. बेड (उजवीकडची मोठी बेडरूम): ३.३५ × ३.६६ मी. = ११ × १२ फूट. सुमारे १३२ चौ. फूट. पहिला आकडा ताडून घेतलाय, खाली लिहिते.

५. किच. (किचन, हॉलच्या मागे): ३.०५ × २.४४ मी. = १० × ८ फूट. सुमारे ८० चौ. फूट. दुसरा आकडा घडीत आहे, तोही ताडून घेतला.

६. टॉय. (मोठ्या बेडरूमला लागून): १.२२ × २.१३ मी. = ४ × ७ फूट. सुमारे २८ चौ. फूट.

७. बाथ: १.२२ × १.८३ मी. = ४ × ६ फूट. सुमारे २४ चौ. फूट. १.८३ की १.३३ असा संशय होता.

८. डब्ल्यू. सी.: ०.९१ × १.२२ मी. = ३ × ४ फूट. सुमारे १२ चौ. फूट.

९. पॅस. (पॅसेज): रुंदी ०.९१ मी. = ३ फूट. लांबी नकाशावर लिहिलेलीच नाही.

१०. वॉश (किचनच्या मागची धुण्याची जागा): नाव दिसतं, आकडा उडालाय. तिन्ही फोटोंत वाचता आला नाही.

११. एफ. बी. (मोठ्या बेडरूमच्या खिडकीबाहेर): रुंदी ०.६१ मी. = २ फूट, लांबी दिलेली नाही. फोनवर तू ‘तिसरी बेडरूम आहे वाटतं’ म्हणालास ती हीच. बेड आहे, पण फुलांचा! त्या काळच्या बिल्डिंगांत खिडकीबाहेर असे फ्लॉवर बेड काढायचे आणि पुढे लोक ग्रिल लावून ते आत घ्यायचे. आधीच्या मालकाने तसं केलंय का, ते बघून ये.

१२. डक्ट: बाथ आणि डब्ल्यू. सी.च्या बाजूला. माप नाही, आपल्या कामाचंही नाही.

आता ताडून कसं घेतलं ते, कारण चूक झाली तर इथेच होईल. हा नकाशा काढणाऱ्याने विचार फुटात केलाय आणि लिहिताना मीटर केलेत. म्हणून २.७४, ३.०५, ३.६६ असे विचित्र आकडे दिसतात. ते सरळ ९, १०, १२ फूट आहेत. त्यामुळे बाथचं कोडं लगेच सुटलं. १.३३ मीटर म्हणजे चार फूट साडेचार इंच, असं माप कोणी मुद्दाम काढत नाही. १.८३ म्हणजे बरोबर सहा फूट.

मोठ्या बेडरूमला मात्र ही युक्ती चालेना. तिथे ‘३.’ दिसतो, मग डाग, मग ‘५’. ३.०५ धरला तर दहा फूट आणि ३.३५ धरला तर अकरा, दोन्ही पूर्ण फूट. म्हणून वरच्या कडेची एकूण लांबी घेतली. ती ९.८३ स्पष्ट आहे. डावीकडून बेरीज केली: बाहेरची भिंत ०.२३, हॉल ३.०५, मधली भिंत ०.११५, बेड २.७४, पुन्हा भिंत ०.११५, मोठी बेडरूम, शेवटी बाहेरची भिंत ०.२३. बेडरूम ३.३५ धरली तर बेरीज नेमकी ९.८३ येते. ३.०५ धरली तर फूटभर कमी पडते. म्हणजे अकरा फूट. डाव्या कडेला किचनचंही तसंच: ०.२३, ४.५७, ०.११५, २.४४, ०.२३ मिळून ७.५८५ होतात आणि कडेला ७.५९ लिहिलंय. मागची बाजू उजवीकडे आत-बाहेर आहे, त्यामुळे टॉयलेट-बाथची अशी बेरीज लावता आली नाही. ते आकडे फक्त वाचून घेतलेत.

फोटोवर पट्टी ठेवून मी काहीही मोजलेलं नाही, तूही मोजू नकोस. कोपऱ्यात ‘स्केल १:१००’ लिहिलंय, पण ते कागदावर खरं, मोबाइलच्या स्क्रीनवर त्याला अर्थ नाही. शिवाय तिरक्या फोटोत लांबची खोली लहानच दिसते.

क्षेत्रफळाचं तू विचारलंस. बाल्कनी, पॅसेज, वॉश आणि फ्लॉवर बेड सोडून खोल्यांची बेरीज ५१६ चौ. फूट होते. हा आकडा कार्पेट म्हणून कोणाला सांगू नकोस. रेराच्या व्याख्येत आतल्या भिंतींची जागाही कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती धरत नाहीत. पॅसेज त्यात येतो, त्याची लांबी अजून आपल्याकडे नाही. एजंटने सांगितलेला ७२० बहुतेक बिल्टअप किंवा सुपर बिल्टअप असेल. काय धरून सांगितला ते त्यालाच विचार, आणि करारनाम्यात कोणता आकडा आहे ते वाच.

फरशीच्या अंदाजाला ही यादी पुरेल. ओट्याला आणि कपाटांना नाही. नकाशातली मापं बिनगिलाव्याच्या भिंतींची असतात. दोन्हीकडचा गिलावा धरला की दहा फुटांची खोली नऊ फूट अकरा इंच भरते, आणि बाथमध्ये टाइल्सवर टाइल्स चढवल्या असतील तर आणखी कमी. सुतार दहा फुटांचा ओटा कापून आणेल आणि मग भिंत तासत बसेल. मामीचं लोखंडी कपाट मधल्या बेडरूममध्ये बसेल, पण दार कुठे उघडतं ते फोटोत दिसत नाही.

शनिवारी किल्ली मिळाली की एवढं मोजून पाठव: पॅसेजची लांबी, वॉशची दोन्ही मापं, फ्लॉवर बेडची लांबी, आणि किचनची ओट्याकडची भिंत, खाली जमिनीलगत एकदा आणि ओट्याच्या उंचीवर एकदा. मोठ्या बेडरूमची रुंदीही घे. अकरा फुटांच्या आसपास आली नाही तर लगेच फोन कर, मग वरची बेरीज पुन्हा बघावी लागेल. टेप स्टीलचा ने, मामीच्या शिवणाच्या डब्यातला नको.

चिनू