बारामती येथील बँक शाखेच्या जागेचा भाडेपट्टा: कलम १४, मुदतवाढीचा हक्क, नवे भाडे आणि नोटीस

१४.१ या पट्ट्याची मुदत दि. १ एप्रिल २०२६ ते ३१ मार्च २०३६ अशी १० वर्षांची आहे. ती संपल्यावर त्याच जागेचा, म्हणजे बारामती येथील इमारतीच्या तळमजल्यावरील २,४०० चौ. फूट चटई क्षेत्राचा, भाडेपट्टा आणखी ५ वर्षांसाठी (दि. १ एप्रिल २०३६ ते ३१ मार्च २०४१) नव्याने करून मागण्याचा हक्क लिहून घेणार बँकेस राहील. हा हक्क एकदाच वापरता येईल. नव्या पट्ट्यात भाडे कलम १४.४ ते १४.८ प्रमाणे असेल, बाकीच्या अटी याच राहतील. मात्र हे कलम १४ त्यात असणार नाही.

१४.२ हक्क वापरण्यासाठी बँकेने लेखी नोटीस दिली पाहिजे. ती दि. १ ऑगस्ट २०३५ च्या आधी देता येणार नाही आणि दि. २८ सप्टेंबर २०३५ रोजी सायंकाळी ५ पर्यंत लिहून देणार तिन्ही सहमालकांना प्रत्यक्ष पोचलेली असली पाहिजे. (सहा महिन्यांचा हिशेब धरला तर शेवटचा दिवस ३० सप्टेंबर येतो, पण त्या दिवशी रविवार आहे. पुढे वाद नको म्हणून त्याआधीचा शुक्रवारच ठरवला आहे.) या कलमात मुदत हीच मुख्य अट आहे. एक दिवस उशीर झाला तरी हक्क संपला असे समजले जाईल. विलंब माफ करायचा असल्यास तिन्ही सहमालकांच्या सह्यांचे पत्र लागेल.

१४.३ नोटीस बँकेच्या पुणे विभागीय कार्यालयातील, लेखी अधिकारपत्र असलेल्या अधिकाऱ्याच्या सहीची असावी आणि अधिकारपत्राची प्रत सोबत जोडावी. शाखा व्यवस्थापकाचे पत्र, तोंडी बोलणे, व्हॉट्सॲपवरील निरोप किंवा पुढच्या महिन्याचे भाडे जमा करणे यांपैकी काहीही नोटीस ठरणार नाही. नोटीस प्रत्येक सहमालकास पट्ट्याच्या पहिल्या पानावरील पत्त्यावर, पोच मिळेल अशा टपालाने किंवा हातोहात सही घेऊन द्यावी. ईमेलने प्रत पाठवावी, पण तेवढ्याने भागणार नाही. सहमालकाने नोटीस घेण्यास नकार दिल्यास नकाराच्या दिवशी ती मिळाली असे धरले जाईल. एखादा सहमालक हयात नसेल आणि वारसांची नावे बँकेस लेखी कळवलेली नसतील, तर त्याच पत्त्यावर “वारस” म्हणून पाठवलेली नोटीस पुरेशी आहे.

नोटिशीत पुढील मजकूर असला म्हणजे पुरे:

“दि. १ एप्रिल २०२६ पासूनच्या आमच्या भाडेपट्ट्यातील कलम १४ अन्वये मिळालेला हक्क आम्ही या नोटिशीने वापरत आहोत. तळमजल्यावरील २,४०० चौ. फूट जागेचा पट्टा दि. १ एप्रिल २०३६ पासून ५ वर्षांसाठी नव्याने करून द्यावा. नवे भाडे कलम १४ नुसार ठरेल, ते आम्हांस बंधनकारक राहील. ही नोटीस विनाअट आहे.”

“भाडे अमुक इतकेच राहिल्यास” अशा शर्तीने दिलेली नोटीस म्हणजे फक्त बोलणी सुरू करण्याचा प्रस्ताव. तिने हक्क वापरला जात नाही. एकदा दिलेली नोटीस बँकेस मागे घेता येणार नाही.

१४.४ मूळ मुदतीच्या शेवटी भाडे दरमहा ₹१,४४,००० (चौ. फुटास ₹६०) असेल. नवे दरमहा भाडे पुढील सूत्राने काढावे:

नवे भाडे = ₹१,४४,००० × (जून २०३५ चा निर्देशांक ÷ जून २०३० चा निर्देशांक)

निर्देशांक म्हणजे केंद्र सरकारच्या लेबर ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक, अखिल भारतीय, पायाभूत वर्ष २०१६ = १००. येणारी रक्कम जवळच्या शंभर रुपयांत पूर्ण करावी. ती ₹१,५८,४०० पेक्षा कमी आली तर ₹१,५८,४०० आणि ₹१,८७,२०० पेक्षा जास्त आली तर ₹१,८७,२०० धरावी.

उदाहरण. केवळ रीत कळावी म्हणून मागचे आकडे घेतले आहेत. अंतर पाच नव्हे, तीन वर्षांचे आहे. डिसेंबर २०२१ चा निर्देशांक १२५.४ आणि डिसेंबर २०२४ चा १४३.७. १,४४,००० × १४३.७ ÷ १२५.४ = १,६५,०१४, म्हणजे भाडे ₹१,६५,०००. ही रक्कम दोन्ही मर्यादांच्या आत आहे, म्हणून तीच कायम.

जून महिना मुद्दाम घेतला आहे. त्याचा आकडा साधारण जुलैअखेर जाहीर होतो, त्यामुळे नोटीस देण्याआधी बँकेस आणि मालकांस सूत्राचे भाडे हिशेबाने कळलेले असेल.

१४.५ पायाभूत वर्ष बदलल्यास लेबर ब्युरोने जाहीर केलेला जोडगुणक वापरावा. मालिकाच बंद झाली आणि जोडगुणक नसेल, तर भाडे कलम १४.६ प्रमाणे लवाद ठरवील.

१४.६ नोटीस मिळाल्यापासून ४५ दिवसांत कोणत्याही पक्षाने लेखी कळवले, की १ एप्रिल २०३६ रोजीचे बाजारभाडे सूत्राच्या भाड्यापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त किंवा कमी असेल, तर पक्षांनी ३० दिवस बोलणी करावी. न जमल्यास प्रश्न एकाच लवादाकडे जाईल. ४५ दिवसांत कोणी काही कळवले नाही तर सूत्राचे भाडे अंतिम.

१४.७ लवाद हा भाडेमूल्यांकनाचा किमान १० वर्षांचा अनुभव असलेला, दोन्ही पक्षांशी संबंध नसलेला मूल्यांकनकार असावा. नेमणूक दोघांच्या संमतीने व्हावी. एकट्या बँकेस किंवा एकट्या मालकांस लवाद नेमता येणार नाही. ३० दिवसांत एकमत न झाल्यास लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ११ अन्वये मुंबई उच्च न्यायालयाकडे अर्ज करावा. लवादाचे स्थान पुणे, भाषा मराठी. काम जलद कार्यपद्धतीने चालवून सहा महिन्यांत निवाडा द्यावा.

लवादाने फक्त भाड्याचा आकडा ठरवायचा आहे. मुदतवाढ द्यावी की नाही, हा विषय त्याच्यापुढे नाही. जागा रिकामी आहे आणि याच अटींवर ५ वर्षांसाठी दिली जात आहे असे गृहीत धरून, बारामतीतील तळमजल्यावरील व्यापारी जागांचे मागील १८ महिन्यांतील नोंदणीकृत भाडेपट्टे त्याने पाहावेत. तिजोरीची खोली, लॉकर, जनरेटर, वातानुकूलन असा बँकेने स्वखर्चाने केलेला जो खर्च आहे, त्यामुळे वाढलेले मूल्य भाड्यात मोजू नये. शाखेमुळे इमारतीला आलेली वर्दळही मोजू नये. निवाड्याचे भाडे ₹१,४४,००० पेक्षा कमी किंवा ₹२,०१,६०० पेक्षा जास्त असणार नाही. लवादाचा खर्च निम्मा निम्मा.

१४.८ निवाडा येईपर्यंत बँकेने सूत्राचे भाडे द्यावे, कलम १४.५ मुळे सूत्र लागू होत नसेल तर ₹१,५८,४०० द्यावे. निवाड्यानंतर १ एप्रिल २०३६ पासूनचा फरक द.सा.द.शे. ८ सरळव्याजाने ३० दिवसांत देणे-घेणे करावा.

१४.९ नोटीस देताना आणि ३१ मार्च २०३६ रोजी ३० दिवसांहून जुनी भाड्याची थकबाकी नसावी. टीडीएस म्हणून कापून भरलेली रक्कम थकबाकी नाही.

१४.१० नवा पट्टा दि. ३१ मार्च २०३६ पूर्वी बारामतीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावा. भाडे ठरले नसल्यास कलम १४.८ मधील रकमेने नोंदवून निवाड्यानंतर पुरवणी दस्त करावा. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी दोघांनी निम्मी भरावी. मालकांनी दस्त करण्यास टाळाटाळ केल्यास बँकेस करारपूर्तीचा दावा लावता येईल.

१४.११ वेळेत नोटीस न दिल्यास बँकेने ३१ मार्च २०३६ रोजी जागेचा रिकामा ताबा द्यावा. त्यानंतर मालकांनी काही रक्कम स्वीकारली तरी संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ११६ प्रमाणे पट्टा पुढे चालू राहिला असे समजू नये. ती वापराची भरपाई असेल आणि तिचा दर शेवटच्या भाड्याच्या दीडपट राहील.