आईबाबांच्या औषधपाण्याच्या खर्चाबद्दल, दादा आणि नितीनला

प्रिय दादा आणि नितीन,

फोनवर हे बोलायला गेलं की आपण तिघंही अवघडतो आणि विषय उद्यावर जातो. म्हणून लिहितेय. दोघांनी निवांत वाचा.

मागच्या आठवड्यात आईबाबांकडे राहिले तेव्हा औषधांचा डबा आवरत होते. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीची पाकिटं मोजली तर पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या निघाल्या. विचारलं तर आधी म्हणाले विसरलो. मग आईच म्हणाली, "दिवसाआड घेतात. तेवढीच पुरवठ्याला येते." आणि तिचं स्वतःचं काय, तर डोळ्याच्या पडद्याला सूज आहे, त्यासाठीचं इंजेक्शन ठरलेल्या तारखेला घ्यायचं होतं. ती तारीख उलटून पाच आठवडे झाले. "दिसतंय की मला," म्हणे. त्या रात्री मला झोप लागली नाही. मधुमेहात पडद्याची सूज वाढली तर गेलेली नजर परत येईलच असं नाही, आणि बाबांचा रक्तदाब असा वरखाली होत राहिला तर आधीच थकलेल्या हृदयावर ताण येतो. पैसे वाचवायला म्हणून ते दोघं जे करताहेत, त्यातूनच उद्या ॲडमिट करायची वेळ येईल.

त्यांनी आपल्याकडे मागितलं नाही आणि मागणारही नाहीत. बाबांनी आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, पोटच्या मुलांपुढे तर नाहीच. म्हणून माझं एकच म्हणणं आहे: पैसे त्यांनी मागायच्या आधी तिथे असले पाहिजेत. सध्या आपण बिल आलं की फोनाफोनी करतो, ज्याच्या हाताशी असतील तो भरतो, आणि बहुतेक वेळा तो दादाच असतो, कारण काउंटरपाशी उभा तोच असतो.

गेल्या सात महिन्यांची सगळी बिलं मी एका वहीत उतरवली आहेत. महिन्याचा खर्च 100 धरला तर त्यातले 55 डायलिसिसचे, 20 औषधं आणि इंजेक्शनांचे, 10 तपासण्या आणि डॉक्टरांच्या फीचे, 8 बाईंच्या पगाराचे आणि 7 जाण्यायेण्याच्या गाडीचे. आठवड्यात दोनदा असलेलं डायलिसिस तीनदा झालं, तिथून आकडा चढला. तो आता खाली येणार नाही. किडनी बदलण्याबद्दल डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की बाबांच्या हृदयाची अवस्था बघता ते शस्त्रक्रियेचा सल्ला देणार नाहीत. म्हणजे ही दोनचार महिन्यांची अडचण नव्हे. वर्षानुवर्षं चालेल, आणि चालावं अशीच आपली इच्छा आहे.

आता वाटणीचं. सरळ तीन भाग करणं मला न्याय्य वाटत नाही. प्रत्येकाच्या हातात येणाऱ्या पगारातून घराचा हप्ता आणि मुलांचं शिक्षण वजा केलं तर दादाकडे एक भाग उरतो, माझ्याकडे साधारण दोन आणि नितीनकडे तीन. नितीन, तुझ्यावर अजून जबाबदाऱ्या कमी आहेत म्हणून तुझ्यावर जास्त टाकतेय असं वाटेल. हो, तसंच आहे. तुझं घरचं गणित बदललं की वाटेही बदलू. दरवर्षी एकदा तिघांनी बसून पुन्हा पाहायचं, आणि मधेच कोणाची नोकरी गेली किंवा घरात काही झालं तर त्याच महिन्यात सांगायचं, लपवायचं नाही.

शंभरातले 20 बाबांच्या पेन्शनमधून घ्यावेत असं मला वाटतं. त्यांना गरज नाही म्हणून नव्हे, पण काहीच घेतलं नाही तर त्यांना आपण ओझं झालो असं वाटेल. उरलेल्या 80 मध्ये नितीनचे 40, माझे 27 आणि दादाचे 13.

दादा, तुझ्या 13 बद्दल. मला माहीत आहे, तू म्हणशील मी थोरला, माझा वाटा सगळ्यात लहान कसा. पण आठवड्यातले तीन दिवस तू पहाटे उठून बाबांना नेतोस, चार तास मशीन चालतं तोवर बाहेर बसतोस, घरी आणून मग कामावर जातोस. तुझी बढती याच कारणाने हुकली, हे वहिनीने मला सांगितलं, तू नाही. हे कुठल्याच बिलावर येत नाही आणि नितीनला व मला कितीही पैसे देऊन त्याची भरपाई करता येणार नाही. तेव्हा 13 वर वाद घालू नकोस, ही माझी विनंती आहे. उलट दोन महिन्यांतून एक आठवडा तुला पूर्ण सुट्टी मिळायला हवी. एकदा मी येईन, पुढच्या वेळी नितीनने रजा काढून यायचं. खरोखरच जमणार नसेल तर सोबतीला माणूस लावायचा आणि तो खर्च नितीनने वेगळा उचलायचा. मला मात्र तू आलेलाच आवडशील, नितीन. बाबा तुझी वाट बघतात.

पैशांसाठी एक वेगळं खातं काढू. प्रत्येकाच्या पगाराच्या दुसऱ्या दिवशी रक्कम आपोआप वळती होईल अशी सोय करू, कार्ड दादाकडे राहील. वही मी ठेवते, बिलांचे फोटो मला पाठवत जा. याशिवाय 3:2:1 याच प्रमाणात दर महिन्याला 15 जास्तीचे बाजूला टाकायचे. सहा महिन्यांत जवळजवळ एका महिन्याच्या खर्चाएवढी गंगाजळी होईल. मागच्या वेळी दवाखान्यात अनामत रक्कम भरायला रात्री दोन वाजता जी धावाधाव झाली, ती पुन्हा नको. बाबांच्या विम्याचं नूतनीकरणही याच खात्यातून. ती तारीख चुकली आणि पॉलिसी बंद पडली, तर या वयात, या आजारांसह नवी मिळणं फार कठीण आहे.

डॉक्टर तीच द्रव्यं असलेली जेनेरिक औषधं लिहून देतील का, हे मी विचारलंय. काही गोळ्यांना ते हो म्हणाले, दोन बदलू नका म्हणाले. त्या दोन तशाच राहतील.

घराबद्दल. नितीन, तू मागे म्हणालास की घर विकून खर्च भागवू. आईबाबा आहेत तोवर हा विषय मी काढणार नाही आणि तुम्हीही काढू नका. त्यांना आपल्या दारात, आपल्या अंथरुणावर राहू दे. आणि आज आपण देतोय ते कर्ज नाही. उद्या वाटणीच्या वेळी कोणी किती दिले याचा हिशोब काढायचा नाही. वही फक्त पैसे पुरताहेत ना, हे बघायला आहे.

वाटा जड वाटत असेल तर आकडा सांगा, मी पुन्हा मांडणी करते. मनात ठेवून हो म्हणू नका. वहिनीशीही बोल, दादा. हा तिच्याही घरचा पैसा आहे.

रविवारी रात्री साडेनऊला तिघांचा फोन लावते, बाबा तोवर झोपलेले असतात. आईच्या इंजेक्शनसाठी गुरुवारची वेळ घेतली आहे, त्याचे पैसे मी भरले आहेत. दादा, तिला घेऊन जायला मीच येतेय.

तुमची,
मीना