संस्थापकांचे निधन व पुढील कामकाज

सर्व ग्राहक व पुरवठादारांस,

आमचे वडील व या पंपदुरुस्ती कारखान्याचे संस्थापक यांचे मंगळवारी अल्पशा आजाराने निधन झाले. स्वतः चालवून पाहिल्याशिवाय त्यांनी एकही पंप बाहेर जाऊ दिला नाही. ती पद्धत आम्ही मोडणार नाही.

कारखाना सोमवारी सकाळी ९ वाजता उघडेल. दुरुस्तीला दिलेले पंप सुरक्षित आहेत, पावती आणावी. कामे चार दिवस उशिरा मिळतील. दर व हमी जुनीच.

पुरवठादारांनी वडिलांच्या सहीचे न वटलेले धनादेश बँकेत भरू नयेत, ते परत येतील. मूळ धनादेश व बिल आणल्यास नवीन देऊ. खाते बदलल्याचा फोन आल्यास आमच्या नेहमीच्या क्रमांकावर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

– संस्थापकांची मुले व कारागीर