भाड्याने दिलेली भांडी व फर्निचर : जावक-आवक नोंद आणि अंतिम हिशेब

कराड येथील लग्नकार्यासाठी आमच्या केटरिंग गोदामातून यजमानांना भाड्याने दिलेल्या सामानाची ही नोंद आहे. सामान शनिवार, दि. 22 नोव्हेंबर 2025 रोजी सायंकाळी टेम्पोच्या दोन फेऱ्यांत मंगल कार्यालयात पोचवले, कार्य रविवारी झाले आणि सोमवारी सकाळी सामान परत आले. जावक मोजणी कार्यालयाच्या ओट्यावर यजमानांच्या मेहुण्यांसमक्ष झाली असून चलनावर त्यांची सही आहे.

जावक सामानात स्टीलची ताटे 450, वाट्या 900, पेले 500, चमचे 500 आणि जग 30 होते. त्यांचे भाडे 3,600 रुपये. आइस्क्रीमसाठी दिलेल्या 200 काचेच्या कपांचे 600 रुपये. झाकणांसह 12 टोप, 2 कढया, 6 पराती, पळ्यांसह 16 वाढपाच्या बादल्या, 3 गॅसभट्ट्या आणि पाण्याची 4 पिंपे यांचे 2,400 रुपये, तर 10 बुफे टेबले, 20 टेबलक्लॉथ आणि 400 प्लास्टिक खुर्च्यांचे 4,300 रुपये होतात. टेम्पोभाडे 1,800 रुपये धरून मूळ आकार 12,700 रुपये झाला. विधीसाठी दिलेल्या सहा पाटांचे भाडे आम्ही कोणाकडूनच घेत नाही. ते सर्व परत आले आहेत.

आवक मोजणीत पहिल्यांदा ताटे 446 भरली. कार्यालयाची स्वतःची ताटे त्याच आकाराची असल्याने त्यांचा ढीग पुन्हा तपासला, तेव्हा काठाखाली आमची ठोक्याची खूण असलेली तीन ताटे त्यात सापडली आणि कार्यालयाची दोन ताटे आमच्या क्रेटमधून निघाली, ती लगेच देऊन टाकली; ही दोन ताटे वरील 446 मध्ये धरलेली नव्हती. त्यामुळे तूट एकाच ताटाची राहिली (160 रुपये). वाट्या 882 आल्या होत्या. खरकट्याचे पिंप उपसल्यावर आणखी नऊ मिळाल्या, म्हणजे नऊ वाट्यांचे 360 रुपये लागू झाले. पेले तीन कमी आहेत (150 रुपये). चमचे 29 कमी आले. चमचे पूर्ण परत आलेले एकही कार्य आमच्या वहीत नाही, म्हणून शेकडा दोन, म्हणजे दहा, चमच्यांची घट आम्ही सोसतो आणि उरलेल्या 19 चमच्यांचे 285 रुपये धरले आहेत.

काचेचे कप 188 धड आले, सात फुटलेले (तुकड्यांसह) मिळाले आणि पाच मिळालेच नाहीत. फुटलेल्यांपैकी दोन कप गोदामात क्रेट उतरवताना आमच्या माणसाच्या हातून गेले, ते यजमानांच्या खाती टाकलेले नाहीत. बाकी दहा कपांचे 550 रुपये होतात. एका कढईचा कान ढिला आहे, पण तो देतानाच तसा असल्याची नोंद जावक चलनावर असल्यामुळे त्याचा आकार नाही. दोन टोपांच्या तळाला रस्सा करपून धरला होता. ते घासून काढण्याची मजुरी 120 रुपये.

खुर्च्यांबाबत थोडा वाद झाला. दोन खुर्च्यांचे पाय मोडलेले आहेत; त्यांपैकी एक आधीपासून तडकलेली होती, असे यजमानांचे म्हणणे आहे. चलनावर तशी नोंद नाही. मात्र खुर्च्या वीस-वीसच्या थप्प्यांनी मोजल्या गेल्या, एकेक उलगडून पाहिली गेली नाही, ही वस्तुस्थिती असल्याने त्या खुर्चीचा अर्धाच आकार घेणे आम्हाला रास्त वाटले. दोन्हींचे मिळून 675 रुपये झाले. मोडक्या खुर्च्या यजमानांना हव्या असल्यास त्यांनी न्याव्यात. टेबलक्लॉथ वीसही परत आले. तिघांवर हळदीचे व तेलाचे डाग आहेत (धुलाई 120 रुपये) आणि एकाला निखाऱ्याने भोक पडले आहे (350 रुपये). बाकीचे सामान पुरे व धड आले.

सोमवारच्या सत्यनारायणाच्या प्रसादासाठी यजमानांनी एक भट्टी व दोन टोप ठेवून घेतले होते, ते मंगळवारी स्वच्छ घासून परत आले; त्यांचे एका जादा दिवसाचे भाडे 360 रुपये आहे.

तूट, फूट, मजुरी व जादा दिवस मिळून 3,130 रुपये होतात आणि एकूण देय रक्कम 15,830 रुपये ठरते. आगाऊ 6,000 व अनामत 5,000, असे 11,000 रुपये जमा आहेत. अनामत याच हिशेबात वळती केल्याने वेगळी परत करावयाची नाही. बाकी 4,830 रुपये 5 डिसेंबर 2025 पर्यंत गोदामात भरून पावती घ्यावी. हरवलेले ताट, वाट्या, पेले, चमचे किंवा कप त्या तारखेपर्यंत सापडून धड अवस्थेत आणून दिल्यास त्यांचा लावलेला आकार पूर्ण वजा केला जाईल.

दि. 26 नोव्हेंबर 2025
गोदाम व्यवस्थापक