दहा आठवड्यांचा अभ्यास आराखडा: ध्वनिमुद्रण, स्क्रीन रीडर आणि जादा उजळणी

विषय: इतिहास, अर्थशास्त्र, भाषा, गणित
साधनं: एनव्हीडीए स्क्रीन रीडर बसवलेला लॅपटॉप, मोबाइलवरचं रेकॉर्डिंग अ‍ॅप, दोन इअरफोन
आढावा: दर शनिवारी, संसाधन शिक्षकांसोबत १५ मिनिटं

हा आराखडा तक्त्यात मांडलेला नाही. मोबाइलवर तक्ता ऐकताना कोणता वार कोणत्या रकान्यात हे डोक्यात धरून ठेवावं लागतं. इथे प्रत्येक भागाला शीर्षक दिलं आहे. वर्डमध्ये NVDA+Space दाबून ब्राउझ मोड चालू कर, मग H दाबत पुढच्या शीर्षकावर जा.

मागच्या सत्रात नेमकं काय अडलं

तू सगळे तास रेकॉर्ड केलेस. पण ४० मिनिटांचा तास पुन्हा ऐकायला ४० मिनिटंच लागतात. इतिहास आणि अर्थशास्त्राचे मिळून आठवड्याला ८ तास, म्हणजे ५ तास २० मिनिटांचं रेकॉर्डिंग. ते तुंबलं आणि उजळणीला वेळच उरला नाही. डोळस विद्यार्थी वहीचं पान चाळून दोन मिनिटांत आठवण ताजी करतो. आवाज असा चाळता येत नाही. म्हणून यावेळचा मुख्य नियम: रेकॉर्डिंग हा कच्चा माल आहे. त्याच संध्याकाळी त्याच्या लेखी टिपा करायच्या. उजळणी टिपांवरून होईल, रेकॉर्डिंगवरून नाही.

वर्गात

फक्त इतिहास आणि अर्थशास्त्र रेकॉर्ड कर. भाषेचे धडे मजकूर म्हणून मिळाले आहेत आणि गणिताचं रेकॉर्डिंग फारसं कामाचं नसतं. त्याचं कारण पुढे आहे. मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून पहिल्या बाकावर, खाली रुमाल घालून ठेव. बाकावर नुसता ठेवला तर पेन आपटल्याचा आवाजही शिक्षकांच्या आवाजावर चढतो. महत्त्वाचं काही आलं की अ‍ॅपमध्ये खूण कर. तासाला ६ ते ८ खुणा पुरेत. वीस झाल्या तर तू निवड करत नाहीयेस.

'हे बघा', 'इथून हा बाण इकडे' अशी वाक्यं रेकॉर्डिंगमध्ये निरुपयोगी ठरतात. फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं, हे दोन्ही विषयांच्या शिक्षकांशी ठरलं आहे. कोणी विसरलं तर तिथेच विचार, संकोच करू नकोस.

फाइलचं नाव असं: 03-इतिहास-02, म्हणजे तिसरा आठवडा, दुसरा तास. आधीचं शून्य गाळू नकोस, नाहीतर काही अ‍ॅपमध्ये दहावा आठवडा दुसऱ्याच्या आधी येतो. मोनो, ६४ केबीपीएस ठेवलंस तर ४० मिनिटांच्या एका तासाची फाइल साधारण १९ एमबी होते. बोलण्यासाठी एवढा दर्जा पुरतो.

सोमवार ते शुक्रवार

५:३० ते ६:१०: आजच्या रेकॉर्डिंगच्या टिपा. फक्त खुणांच्या आधीचं एक मिनिट आणि नंतरचं एक मिनिट ऐक, १.२५ वेगाने. मोबाइल एका कानात, लॅपटॉप दुसऱ्या कानात. टाइप करताना NVDA+2 ने अक्षरं बोलणं बंद कर, नाहीतर दोन आवाज एकमेकांत मिसळतात. पाठाच्या नावाला Ctrl+Alt+1 आणि प्रत्येक मुद्द्याला Ctrl+Alt+2 लावून शीर्षक कर. नुसतं ठळक केलेलं वाक्य स्क्रीन रीडरसाठी शीर्षक होत नाही. एका तासाच्या टिपा १५ ओळींच्या पुढे जाऊ देऊ नकोस.

६:२५ ते ७:१०: गणित.

८:१५ ते ८:५५: स्क्रीन रीडरने पाठ्यपुस्तकाचं वाचन. आधी NVDA+F7 ने शीर्षकांची यादी ऐकून पाठाचा सांगाडा समजून घे, मग सलग वाचन. नवा पाठ नेहमीपेक्षा हळू. वेग वाढवायचा तो उजळणीत. आकडे आणि सनावळ्या मात्र दोन्ही वेळा हळूच.

९:०५ ते ९:४०: उजळणी.

मधल्या सुट्ट्यांत इअरफोन काढून ठेव. सुट्टीत गाणी ऐकली तर कानाला विश्रांती मिळत नाही, आणि थकलेल्या कानाला सगळं 'ऐकल्यासारखं' वाटतं पण राहत काहीच नाही.

जादा उजळणी

शनिवारी आणखी अडीच तास फक्त उजळणी. म्हणजे आठवड्याच्या जवळपास १६ तासांतले साडेपाच उजळणीचे. प्रत्येक पाठ टिपा केल्यापासून तिसऱ्या, दहाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फिरून येईल. क्रम असा: फक्त शीर्षकं ऐक, प्रत्येक शीर्षकावर थांब, त्याखालचं स्वतः मोठ्याने सांग, मग बाण दाबून पडताळ. आधी ऐकून मग 'हो, येतंय' म्हणणं ही उजळणी नव्हे. जे दोनदा चुकलं ते 'चुकलेलं' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाक. परीक्षेच्या आदल्या दिवशी तेवढीच फाइल ऐकायची.

फाइल वाचली जात नसेल तर

पीडीएफ उघडल्यावर मजकूर रिकामा असल्याचं ऐकू आलं तर ते पानांचे फोटो आहेत. NVDA+R ने विंडोजची ओसीआर एका पानापुरती चालेल, विंडोज मराठी ओळखत असेल तरच. अख्खी फाइल आमच्याकडे पाठव, दोन दिवसांत दुरुस्त करून मिळेल. ओसीआरमध्ये जोडाक्षरं तुटतात, १ आणि ९ ची गल्लत होते. सनावळ्या आम्ही मूळ पुस्तकाशी ताडून देऊ.

मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ ऐकू आला तर फाइल युनिकोडमध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. सेटिंग बदलत बसू नकोस, ते तुझ्या बाजूने सुटणार नाही.

भाषेच्या पेपरसाठी एक इशारा: ह्रस्व-दीर्घ नुसतं ऐकून हमखास कळत नाही. 'दिन' आणि 'दीन' सारखेच वाटू शकतात. रोज दहा शब्द अक्षर-अक्षर वाचून घे.

गणित

'एक भागिले एक्स अधिक दोन' याचे दोन अर्थ होतात: 1/x + 2 किंवा 1/(x+2). रेकॉर्डिंगमध्ये हा फरक हरवतो. म्हणून सगळी उदाहरणं कंसांसह टाइप केलेली मिळतील. तूही प्रत्येक पायरी नव्या ओळीवर लिही, मनात तीनपेक्षा जास्त पायऱ्या धरू नकोस. आलेख आणि भूमितीच्या आकृत्या उठावाच्या कागदावर, बुधवारी संसाधन कक्षात.

आठवा ते दहावा आठवडा

नवा पाठ नाही, रेकॉर्डिंगही नाही. दर रविवारी एक सराव पेपर, लेखनिकासोबत. पेपर ३ तासांचा, तुला १ तास जादा. आठव्या आठवड्यात घड्याळ न लावता सोडव आणि वेळ कुठे जातो ते लेखनिकाला नोंदवू दे. बहुधा तो प्रश्न पुन्हा पुन्हा वाचून घेण्यात आणि सांगितलेलं तपासण्यात जातो. सांगताना आधी मुद्दे, मग वाक्यं. परिच्छेद कुठे बदलायचा, आकडा अंकात की अक्षरात, हे तूच सांगायचं. शेवटची २० मिनिटं उत्तरं वाचून घेण्यासाठी राखून ठेव.

मागे पडलास तर

दोन दिवसांच्या टिपा राहिल्या असतील तर शनिवारी फक्त खुणा ऐकून पाच-पाच ओळी लिही. तीन किंवा जास्त दिवस राहिले तर ती रेकॉर्डिंग पुसून टाक आणि पाठ थेट पुस्तकातून वाच. आम्हाला शनिवारच्या आढाव्यात सांग, त्या मुद्द्यांच्या टिपा आम्ही देऊ.