ग्राहक सहाय्य प्रतिनिधी (रात्रपाळी) पदासाठी अर्ज

दिनांक : 20 ऑक्टोबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
मनुष्यबळ विभाग,
ब्रॉडबँड ग्राहक सहाय्य केंद्र

विषय : ग्राहक सहाय्य प्रतिनिधी (फोन व चॅट, रात्रपाळी) या पदासाठी अर्ज

महोदया,

आपल्या केंद्रात रात्री 10 ते सकाळी 7 या पाळीसाठी मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलणारे प्रतिनिधी हवे आहेत, ही जाहिरात वाचून हा अर्ज करत आहे. सध्या मी एका इंटरनेट सेवा कंपनीच्या तक्रार कक्षात दिवसपाळीला फोन आणि चॅट सांभाळते. त्याआधी 2022 ते 2024 एका रुग्णालयाच्या चौकशी कक्षात रात्रपाळीलाच होते. शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी.

सध्याच्या कामात माझा दिवस रात्रीच्या पाळीने ठेवलेल्या तक्रारी उघडण्यापासून सुरू होतो. त्यांतल्या बऱ्याच नोंदींत ‘नेट बंद, ग्राहक चिडलेला’ एवढेच असते. मग त्या माणसाला पुन्हा फोन करून रात्री सांगितलेलेच सगळे परत सांगायला लावावे लागते, आणि तो दुसऱ्यांदा चिडतो. त्याचे चिडणे मला रास्त वाटते. रात्री तंत्रज्ञ घरी जाऊ शकत नाही, त्यामुळे कितीतरी तक्रारी सकाळपर्यंत थांबतातच. अशा वेळी रात्रीच्या माणसाच्या हातात दोनच गोष्टी असतात : नीट ऐकून घेणे आणि नीट लिहून ठेवणे. ग्राहकाला आपली अडचण दोनदा सांगावी लागू नये, असे काम मला रात्रपाळीत करायचे आहे.

बोलण्याविषयी आधी लिहिते. मराठी माझी मातृभाषा आहे, हिंदी सहज बोलते. इंग्रजीत तक्रार समजून घेणे, बिल समजावणे आणि तांत्रिक पायऱ्या सांगणे हे रोजचे काम आहे. बोलण्याचा वेग मी समोरच्याकडे पाहून ठरवते. ज्येष्ठ ग्राहकाला एका वेळी एकच कृती सांगते आणि ती झाल्याचे त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच पुढे जाते. ज्याला राउटरची माहिती आहे, त्याला मुळापासून समजावत बसत नाही.

साध्या फोन लाइनवरून आवाजाचा मर्यादित पट्टाच जातो, साधारण 300 ते 3400 हर्ट्झ. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांना वेगळे करणारा बराचसा भाग त्याच्या वर राहतो. इंग्रजी अक्षरांत ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘टी’ किंवा ‘एम’, ‘एन’ यांची गल्लत तर रोजची. म्हणून ईमेल पत्ता किंवा ग्राहक क्रमांक घेताना मी प्रत्येक अक्षराला एक ओळखीचा शब्द जोडून परत वाचून दाखवते. आकड्यांचेही तसेच. पुष्कळ जण मोबाइल नंबर जोडीजोडीने सांगतात, ‘एकोणसत्तर, एकोणऐंशी’ असा. मी तो ऐकून घेते, पण परत वाचताना सुटा वाचते : सहा, नऊ, सात, नऊ. चूक असेल तर ती तिथेच सापडते.

चिडलेल्या ग्राहकाला ‘शांत व्हा’ असे मी कधीच म्हणत नाही. बहुतेक वेळा माझे पहिले वाक्य असे असते : “म्हणजे दहा वाजल्यापासून बंद आहे आणि आपलं काम अडलंय. मी आत्ता लाइन तपासते, तोवर राउटरवरचा कोणता दिवा लाल दिसतोय, तेवढं सांगाल का?” आपले म्हणणे ऐकले गेले आहे हे त्यात कळते आणि काम सुरू झाल्याचेही. कुणाला होल्डवर ठेवायचे तर आधी कारण आणि वेळ सांगते, परवानगी घेते आणि सांगितलेल्या वेळेच्या आत लाइनवर परत येते, उत्तर मिळाले नसले तरीही. तपासणी चालू असताना लाइन मुकी ठेवत नाही. काय पाहते आहे ते बोलत राहते. रात्रीच्या शांततेत अर्ध्या मिनिटाची गप्प लाइन फोन कट झाल्यासारखी वाटते.

जे माझ्या हातात नाही त्याचे आश्वासन देत नाही. ‘तासाभरात सुरू होईल’ असे म्हणून फोन संपवणे सोपे असते, पण तासाभराने तोच माणूस दुसऱ्या कुणाला फोन करतो. पहिल्याच कॉलमध्ये प्रश्न सुटण्याचे प्रमाण आणि कॉलची सरासरी वेळ या दोन्ही मोजमापांची मला सवय आहे. या दोहोंत ओढाताण होते तेव्हा मी पहिल्याकडे झुकते, हे मुलाखतीआधीच सांगून ठेवते. दोन मिनिटे जास्त गेलेला पण परत न आलेला कॉल मला स्वस्त वाटतो.

टायपिंगविषयी. दहा मिनिटांच्या चाचणीत, चुका वजा करून, माझा इंग्रजीचा वेग मिनिटाला 52 शब्द आणि अचूकता 98 टक्के आहे. मराठी इन्स्क्रिप्ट कळफलकावर वेग 38 शब्दांचा आहे. मात्रा आणि पायमोड यांना वेगळ्या कळा लागत असल्याने तो आकडा कमी दिसतो. मराठीची 30 आणि 40 शब्द प्रति मिनिट, तसेच इंग्रजीची 40 शब्द प्रति मिनिट ही संगणक टंकलेखन प्रमाणपत्रे सोबत जोडली आहेत. कळफलकाकडे न पाहता टाइप करते, त्यामुळे बोलता बोलता लिहिता येते. मुलाखतीच्या वेळी आपल्याच यंत्रणेवर चाचणी घेतलीत तर मला आवडेल.

नुसत्या वेगाने मात्र नोंद चांगली होत नाही. माणूस सहज बोलताना मिनिटाला सव्वाशे ते दीडशे शब्द बोलतो. 52 च्या वेगाने ते सगळे उतरवता येणारच नाही. त्यामुळे ऐकतानाच काय लिहायचे आणि काय सोडायचे हे ठरवावे लागते, आणि या कामातले खरे कौशल्य मला तिथेच वाटते. मी कशी नोंद ठेवते याचा नमुना देते (प्रसंग काल्पनिक आहे) :

“रात्री 1.50 पासून नेट बंद. राउटर एकदा बंद करून चालू केला, फरक नाही. पॉन दिवा बंद, एलओएस लाल. वायर राउटरजवळ सैल किंवा वाकलेली नाही, ग्राहकाने पाहून सांगितले. शेजारी आपलेच कनेक्शन, तेही बंद. बाहेर फायबर तुटल्याची शक्यता, त्या परिसराच्या इतर तक्रारी तपासाव्यात. सकाळी 9 वाजता ऑनलाइन परीक्षा आहे. तंत्रज्ञाची वेळ दिलेली नाही. सकाळी 7 च्या आत फोन करून स्थिती कळवू असे सांगितले आहे. फोन पर्यायी नंबरवर करावा.”

एलओएस लाल म्हणजे राउटरपर्यंत प्रकाशाचा संकेतच पोहोचत नाही. तिथे पुन्हा पुन्हा राउटर चालू-बंद करायला लावून काही साधत नाही. फायबरचे टोक निघालेले असेल तर त्यात डोकावून पाहू नका, हे मी ग्राहकाला आवर्जून सांगते. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. अशी नोंद वाचून सकाळच्या माणसाने थेट कामाला लागावे, एवढीच माझी अपेक्षा असते. चिडचिडीची नोंद मी करत नाही. परीक्षेची करते, कारण तिच्यावरून तक्रारीचा क्रम ठरतो.

चॅटवर एका वेळी तीन संभाषणे सांभाळते. तयार उत्तरे वापरते, पण ग्राहकाने विचारलेल्या नेमक्या गोष्टीला पहिल्या ओळीत उत्तर दिल्यावरच. कार्डावरचा सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी कुणाकडूनही घेत नाही. ग्राहकाने तो आपणहून चॅटवर टाकलाच तर नोंदीत उतरवत नाही, आणि तो संदेश पुसून टाकण्यासाठी पर्यवेक्षकांना लगेच कळवते.

रात्रपाळीचा प्रश्न आपण नक्की विचाराल, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहिते. रुग्णालयात मी सलग रात्री काम केले आहे आणि त्यासाठी दिवस कसा लावायचा हे मला माहीत आहे. सकाळी साडेआठला झोपते, खोली अंधारी, फोन बंद. सुट्टीच्या दिवशी झोपेची वेळ पुरती उलटवत नाही, थोडीच सरकवते. नाहीतर परतल्यावर पहिली रात्र जड जाते. पहाटे तीन ते पाच हा काळ शरीराला सर्वात कठीण असतो. त्या वेळेत मी हेडसेट लावून उभी राहून काम करते, आणि प्रत्येक क्रमांक व पत्ता दुसऱ्यांदा वाचून खात्री करते. चहा मध्यरात्रीनंतर घेत नाही, म्हणजे सकाळची झोप बिघडत नाही.

रात्री फोन करणाऱ्या माणसाला आजूबाजूला विचारायला कुणी नसते. चौकशी कक्षात हे मी फार जवळून पाहिले आहे. तिथे उत्तर देताना आवाजात झोप किंवा घाई आली की समोरचा लगेच घाबरतो. तो आवाज जागा आणि स्थिर ठेवणे मला जमते, आणि ते काम मला मनापासून आवडते. दिवसपाळीची नोकरी हातात असताना रात्रपाळी मागण्याचे कारण तेच आहे.

फिरती पाळी, शनिवार-रविवारचे काम, सणाच्या दिवशीची हजेरी, विभागून मिळणारी साप्ताहिक सुट्टी या सगळ्याला माझी तयारी आहे. मोठ्या बिघाडाच्या रात्री पाळी लांबली तरी थांबेन. घरी याविषयी बोलणे झाले आहे आणि त्यांची संमती आहे. जाहिरातीत ने-आण करणाऱ्या वाहनाचा उल्लेख आहे. ती सोय मला दोन्ही वेळेस लागेल. विनंती एकच : दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी वडिलांना तपासणीला न्यावे लागते. त्या दिवशी 7 नंतर पाळी वाढवली जाऊ नये. बदली व्यक्तीची व्यवस्था करायची असेल तर ती मी आधीच सहकाऱ्यांशी बोलून करेन.

सध्याच्या ठिकाणी 30 दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. निवड कळल्यावर त्याच दिवशी ती देईन. प्रशिक्षण दिवसा असेल तर त्यासाठी रजा शिल्लक आहे. मुलाखत फोनवर घ्यायची असल्यास रात्री 9 नंतर कोणत्याही दिवशी चालेल. रात्री दोन वाजता फोन करून माझे बोलणे तपासायचे असेल तर त्यालाही मी तयार आहे. संपर्क क्रमांक आणि दोन संदर्भ व्यक्तींची नावे सोबतच्या परिचयपत्रात आहेत.

आपली विश्वासू,
मेघना शिंदे

सोबत : परिचयपत्र, पदवी प्रमाणपत्राची प्रत, टंकलेखन प्रमाणपत्रांच्या प्रती, रुग्णालयाचे अनुभवपत्र