ठाणे–बीकेसी कारपूल, सोमवारपासून

मंडळी, गाडी वॅगन-आर, सीएनजी. माझ्यासकट चौघं. मागे सिलिंडर असल्यामुळे डिकी जवळपास नाहीच; लॅपटॉपची बॅग मांडीवर, ट्रॉली बॅग नको.

सकाळी
७.५० तीन हात नाका, सर्व्हिस रोडला
८.०० आनंदनगर, टोल नाक्याच्या अलीकडे
८.१५ विक्रोळी, कन्नमवार नगरचा हायवे थांबा

विक्रोळीला थांब्याच्या थोडं पुढे उभे राहा. बेस्टच्या जागेत गाडी घातली की मागून हॉर्न आणि वर ई-चलन. पुलावर किंवा हायवेच्या मधल्या लेनला गाडी थांबणार नाही, कितीही हात केलात तरी. पुढे चुनाभट्टीच्या कनेक्टरवरून थेट बीकेसी, त्यामुळे कुर्ल्याला कुणाला सोडता येणार नाही. पोहोचायला ८.५०, फार तर नऊ.

परत निघायचं ६.४० ला, आपल्या गेटवरून. तुमची मीटिंग लांबली तर ६.१५ पर्यंत कळवा.

आता पैसे. जाऊन-येऊन ४६ किमी. या ट्रॅफिकमध्ये किलोला २० किमी धरलेत, म्हणजे २.३ किलो. शेवटचा गॅस ८० रुपयांनी भरला, म्हणून दिवसाचे १८४, एका फेरीचे ९२. फेरीत जितके बसतील तितक्यांत भागायचे, मीही त्यात आहे: चौघं असू तर २३, तिघं असू तर ३१. फक्त सकाळी आलात तर फक्त सकाळचे. छोट्या गाड्यांना मुलुंडला टोल नाही, तो हिशोबात नाही. टायर, सर्व्हिसिंग आणि पंपावरची रांग माझ्याकडे. यात नफा धरलेला नाही आणि धरायचाही नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवता येत नाही. दर बदलला की पावतीचा फोटो ग्रुपवर टाकेन. शनिवारी जीपे करा, उधारी पुढच्या आठवड्यात नेऊ नका.

येणार नसाल तर आदल्या रात्री १० च्या आत सांगा. त्यानंतर सांगितलंत तर सकाळच्या फेरीचा तुमचा वाटा लागेल, कारण तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. तापबिप आला तर अर्थातच सोडून देऊ.

उशीर: तीन हात नाक्याला ३ मिनिटं, पुढे दोन-दोन. "खाली उतरलोच" हा मेसेज म्हणजे पोहोचलात असं नाही. लिफ्टमधून आलेले असे मेसेज सगळ्यांना ओळखू येतात. इथली पाच मिनिटं विक्रोळीला पाचच राहत नाहीत, सव्वाआठनंतर हायवे भरायला लागतो. गाडी चुकली तर लोकलने कुर्ला, पश्चिमेला उतरून बीकेसीची शेअर रिक्षा. त्या फेरीचा वाटा तरीही द्यायचा. मला उशीर झाला तर नियम माझ्यावरही: १० मिनिटांच्या वर गेलो तर ती फेरी तुम्हाला फुकट. साडेसातला लाइव्ह लोकेशन टाकेन, फोन करू नका, गाडी चालवताना उचलत नाही.

मागच्या सीटवरही बेल्ट लावायचा. न लावल्याचं चलन ज्याचं त्याने भरायचं.

पावसाचा रेड अलर्ट असेल तर गाडी निघते की नाही ते सकाळी सातला ग्रुपवर. सातपर्यंत काही आलं नाही तर निघतेय असं समजा.

सध्या आनंदनगरची एक जागा रिकामी आहे. कोणाला हवी असेल तर रविवारी रात्री आठपर्यंत सांगा.